हॅम, सॉसेजचं पाकीट उघडलं. आता किती दिवस चालेल?

"डॉक्टर, पाकिटावर पुढच्या महिन्याची तारीख आहे, मग आठ दिवसांत खराब कसं होईल?" हा प्रश्न मला आता वरचेवर विचारला जातो. त्याला जोडूनच दुसरा येतो: "वरून थोडं बुळबुळीत झालं होतं, पण वास काही येत नव्हता. धुऊन, परतून खाल्लं तर चालतं ना?"

पंधरा-वीस वर्षांपूर्वी आपल्या भागात हे प्रश्न फारसे नव्हते. आता निगडी, मोशी, भोसरीपासून चाकण, तळेगावपर्यंत कुठल्याही मोठ्या दुकानाच्या फ्रिजमध्ये चिकन सॉसेज, सलामी, हॅम, कोल्ड कट्सची पाकिटं दिसतात. नवरा-बायको दोघंही पाळीत काम करतात, चार-चार मुलं मिळून एका खोलीत राहतात, डब्याला झटपट काहीतरी हवं असतं. पाकीट फोडलं, दोन काप ब्रेडमध्ये घातले, झालं. यात गैर काही नाही. अडचण एवढीच, की पाकीट घरात आलं, पण ते सांभाळायची रीत सोबत आली नाही. मटण किती वेळ बाहेर ठेवायचं, दूध कधी तापवायचं, हे आपल्याला आई-आजीकडून कळलेलं असतं. सलामीचं कुणी सांगितलेलं नसतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. उघडलेलं पाकीट फ्रिजमध्ये तीन दिवस, त्यापुढे नाही. पाकिटावर याहून कमी मुदत लिहिली असेल तर ती पाळायची. घरात गरोदर बाई, वयस्कर माणूस किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेला रुग्ण असेल तर त्यांनी हे पदार्थ थंड खायचेच नाहीत, वाफ येईपर्यंत गरम करूनच खायचे. तीनच दिवस का, आणि बुळबुळीतपणा नेमकं काय सांगतो, ते आता समजून घेऊ.

छापलेली तारीख कशाची असते?

हॅम, सलामी, सॉसेज हे बहुतेक वेळा कारखान्यात शिजवलेले पदार्थ असतात. मांसात मीठ आणि नायट्राइट घालतात. नायट्राइटमुळे तो गुलाबी रंग टिकतो आणि बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढत नाहीत. मग पदार्थ शिजवून, थंड करून, कापून पाकिटात घालतात आणि आतली हवा काढून पाकीट सील करतात.

हवा काढण्याचं कारण साधं आहे. उघड्यावर ठेवलेल्या मांसाला जो सडका वास येतो, तो आणणाऱ्या जंतूंना प्राणवायू लागतो. हवा नाही, म्हणजे ते वाढत नाहीत आणि पदार्थ जास्त दिवस टिकतो. पाकिटावरची तारीख ही या बंद अवस्थेची असते, आणि तीही पाकीट सांगितलेल्या तापमानात राहिलं तरच. थंड विकलं जाणारं पाकीट साधारण ० ते ४ अंश सेल्सिअसला आणि गोठवलेलं पाकीट उणे १८ अंशांना ठेवायचं असतं.

तुम्ही कात्री लावली, त्या क्षणी हवा आत गेली. तुमचा हात, सुरी, ताट, फ्रिजमधली हवा, या सगळ्यांतून नवे जंतू आत गेले. त्यानंतर त्या छापील तारखेला काही अर्थ उरत नाही. नवं घड्याळ सुरू झालं, आणि ते तुम्हालाच लिहून ठेवावं लागतं.

गोठवलेल्या सॉसेजचं तसंच. कित्येक महिन्यांची मुदत छापलेली असते, पण ती उणे १८ अंशांची. पाकीट वितळलं की ती संपली. बऱ्याच पाकिटांवर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की एकदा वितळल्यावर पुन्हा गोठवू नका आणि अमुक तासांत वापरा. ते वाक्य जरूर शोधा.

इथे एक गल्लत नेहमी होते. "गोव्याचं चॉरिस तर स्वयंपाकघरात टांगून ठेवतात, त्याला कुठे फ्रिज लागतो?" असं लोक म्हणतात. बरोबर आहे, पण तो पदार्थच वेगळा. चॉरिसात भरपूर मीठ, व्हिनेगर आणि मिरची असते आणि ते उन्हात किंवा धुरावर वाळवतात. पाणी कमी आणि आंबटपणा जास्त, म्हणून जंतूंना तिथे राहणं कठीण. दुकानातलं मऊ, ओलसर चिकन सॉसेज किंवा हॅम हे पाण्याने भरलेलं असतं आणि आंबट नसतं. दोघांनाही आपण सॉसेज म्हणतो म्हणून दोघांचा टिकाऊपणा सारखा होत नाही.

बुळबुळीतपणा येतो कुठून?

हवा नसलेल्या, थंड, खारट पाकिटातही काही जंतू आरामात वाढतात. ते म्हणजे दही आणि लोणच्याच्या जातकुळीतले, लॅक्टिक आम्ल तयार करणारे जंतू. त्यांतला एक गट ल्युकोनॉस्टॉक नावाचा आहे. नाव अनोळखी असलं तरी जंतू तुमच्या ओळखीचा आहे. इडलीचं पीठ रात्रीतून फुगतं ते मुख्यतः याच गटामुळे.

हा जंतू दोन गोष्टी करतो. एक, कार्बन डायऑक्साइड वायू तयार करतो. इडलीचं पीठ फुगतं तसंच पाकीटही फुगतं. दोन, साखर मिळाली की तिच्यापासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ बनवतो. ऊस तोडून कारखान्यावर पोहोचायला उशीर झाला की रसात चिकटपणा येतो आणि गाळपाला त्रास होतो, हे ऊस पट्ट्यातल्या वाचकांना ठाऊक असेल. तो चिकटपणा म्हणजेच हे डेक्स्ट्रान. सॉसेज आणि हॅममध्ये चवीसाठी थोडी साखर घातलेली असते, त्यामुळे इथेही तेच घडतं.

आता महत्त्वाचा मुद्दा. हे जंतू स्वतः सहसा माणसाला आजारी पाडत नाहीत. मग बुळबुळीत झालेलं का टाकायचं? कारण तो थर हा हिशेब आहे. हाताला लागेल इतका चिकट थर जमायला कोट्यवधी जंतू लागतात, आणि तेवढे व्हायला पुरेसे दिवस किंवा पुरेशी ऊब मिळालेली असते. त्या काळात निरुपद्रवी जंतू वाढले, तसे उपद्रवी जंतू असतील तर तेही वाढले असण्याची शक्यता असते. कुठले वाढले ते घरी बसून कळत नाही.

धुऊन काय होतं? वरचा थर निघतो, जंतू राहतात, आणि शिंतोड्यांबरोबर सिंकमध्ये आणि शेजारच्या भांड्यांवर पसरतात. म्हणून धुऊ नका. बंद पिशवीत घालून टाकून द्या, हात साबणाने धुवा आणि फ्रिजमधली ती जागा पुसून घ्या.

साधा ओलावा आणि बुळबुळीत थर यांत फरक कसा करायचा? नव्या पाकिटातही थोडं पातळ, स्वच्छ पाणी असतं. कधी कापांच्या कडेला जेलीसारखा भाग दिसतो. ते चालतं. दोन काप एकमेकांपासून हळूच सोडवून बघा. भेंडी चिरताना सुटते तशी तार आली, पाणी दुधाळ, गढूळ दिसलं, किंवा आंबूस वास आला, तर पदार्थ संपला. पाकीट उघडताक्षणी येणारा कोंडलेला वास मात्र दोन-चार मिनिटांत जातो, त्याने घाबरू नका. हॅमच्या कापावर उजेडात कधी तेलाच्या तवंगासारखे इंद्रधनुषी रंग चमकतात. तो प्रकाशाचा खेळ असतो, सडण्याची खूण नव्हे. पण हिरवट, करडे ठिपके किंवा बुरशी दिसली तर सगळं पाकीट टाका.

न उघडलेलंच पाकीट फुगलेलं किंवा आतून बुळबुळीत दिसलं तर ते उघडूही नका, मग तारीख कितीही पुढची असो. तारीख बाकी असूनही पाकीट फुगतं याचा अर्थ कारखान्यापासून तुमच्या घरापर्यंत कुठेतरी ते थंड राहिलेलं नाही, किंवा सील सुटलं आहे. बिलासह दुकानात परत न्या. बॅच क्रमांक आणि चौदा आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक दिसेल असा फोटो काढून ठेवा. दुकानदाराने दाद दिली नाही तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

जो जंतू खूण ठेवत नाही

बुळबुळीत झालेलं बहुतेक लोक शेवटी टाकतातच. मला जास्त काळजी वाटते ती चांगल्या दिसणाऱ्या सातव्या दिवसाच्या कापाची.

लिस्टेरिया नावाचा एक जंतू आहे. तो माती, सांडपाणी, ओल्या जागा इथे राहतो. शिजवण्याने मरतो, पण कारखान्यात शिजवल्यानंतर काप करण्याच्या यंत्रावरून किंवा घरच्या सुरीवरून पदार्थावर पुन्हा बसू शकतो. त्याची दोन वैशिष्ट्यं आहेत. तो फ्रिजच्या थंडीतही वाढतो, आणि वाढताना वास, चिकटपणा, रंग असं काहीच बदलत नाही. नायट्राइट आणि मीठ त्याला थोडं मंद करतात, थांबवत नाहीत.

हा धोका पुस्तकी नाही. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये लिस्टेरियाची साथ आली. १,०६० रुग्ण नोंदले गेले आणि २१६ जण दगावले. रुग्णांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जण एक महिन्याच्या आतली बाळं होती, म्हणजे आजार आईकडून आलेला. कित्येक महिने उगम सापडत नव्हता. जानेवारी २०१८ मध्ये सोवेटोतल्या एका पाळणाघरातली लहान मुलं ताप-जुलाबाने एकाच वेळी रुग्णालयात आली. तिथल्या डॉक्टरांना संशय आला, पाळणाघराच्या फ्रिजमधले पदार्थ तपासले, आणि त्यातल्या पोलोनीत लिस्टेरिया मिळाला. पोलोनी म्हणजे सलामीसारखाच, शिजवलेला, काप करून थंड खायचा पदार्थ. तिथून माग काढत तपास पोलोक्वाने शहरातल्या कारखान्यापर्यंत पोहोचला. ती पोलोनी खाणाऱ्यांना बघून, हुंगून काही कळलं असतं असं नाही.

निरोगी तरुणाला लिस्टेरियाने फार तर एक-दोन दिवस ताप-जुलाब होतील. पण गरोदर स्त्रीला नुसता फ्लूसारखा ताप आणि अंगदुखी होते, आणि जंतू वारेतून बाळापर्यंत पोहोचला तर गर्भपात, मृत बाळ जन्मणं किंवा नवजात बाळाला गंभीर संसर्ग होऊ शकतो. पासष्टीपुढची माणसं, कर्करोगाचे उपचार घेणारे, किडनी बदललेले, डायलिसिसवरचे, यकृताचा जुना आजार असलेले, दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे आणि मधुमेही, यांच्यात तो रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात जाऊ शकतो. खाल्ल्यापासून लक्षणांपर्यंत कित्येकदा एक ते चार आठवडे, कधी त्याहूनही जास्त जातात. तोपर्यंत कुणालाही ती सलामी आठवत नाही.

मग तीनच दिवस का?

अमेरिकेतल्या सरकारी तक्त्यात उघडलेल्या कापांसाठी ३ ते ५ दिवस आणि शिजवलेल्या सॉसेजसाठी एक आठवडा दिला आहे. इंटरनेटवर शोधलं की हेच आकडे मिळतात. आकडे बरोबर आहेत, पण ते ४ अंश किंवा त्याखाली सतत राहणाऱ्या फ्रिजसाठी आहेत. आपला फ्रिज तसा आहे का?

हिशेबापुरतं असं धरू, की ४ अंशांना लिस्टेरिया दिवसाला एकदा दुप्पट होतो आणि १० अंशांना आठ तासांत एकदा, म्हणजे दिवसातून तीनदा. प्रत्यक्षात हे पदार्थागणिक कमी-जास्त होतं, पण चित्र कळायला पुरे. ४ अंशांच्या फ्रिजमध्ये पाच दिवसांत एका जंतूचे ३२ होतात. १० अंशांच्या फ्रिजमध्ये तीन दिवसांत ५१२, आणि पाच दिवसांत ३२ हजारांच्या वर. दोन्ही फ्रिज हाताला सारखेच गार लागतात.

म्हणून शंभर-दोनशे रुपयांचा फ्रिजचा थर्मामीटर घ्या, मधल्या कप्प्यात पाण्याच्या ग्लासात रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या वाचा. ४ किंवा त्याखाली असेल तर ठीक. ७-८ दिसलं तर नॉब वाढवा, बर्फ साचला असेल तर काढा, फ्रिज गच्च भरू नका. दाराचा कप्पा सगळ्यात उबदार असतो आणि नेमकं तिथेच लोक सॉसेज ठेवतात. सिंगल डोअर फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याखालचा ट्रे सगळ्यात थंड, पाकिटाची जागा तिथे.

सॉसेजला एक आठवडा आणि कापांना तीन दिवस असे दोन वेगळे नियम मी रुग्णांना सांगत नाही. सॉसेज नीट शिजवूनच खाल्लं तर ते थोडं जास्त टिकतं, हे मान्य. पण घरात दोन आकडे कुणी लक्षात ठेवत नाही, आणि चुकतो तो नेहमी मोठ्या आकड्याच्या बाजूने.

एक पाकीट, एक आठवडा

खराबवाडीत चार मुलं एका खोलीत राहतात असं समजा. एप्रिल महिना आहे. शनिवारी संध्याकाळी एकाने मॉलमधून चिकन सलामीचं पाकीट घेतलं. मग तो मित्राकडे थांबला, चाकणच्या चौकात नेहमीची कोंडी लागली, आणि पाकीट बाइकच्या डिकीत दीड तास राहिलं. सुरुवातच इथे बिघडली. बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर असा पदार्थ सगळा मिळून एक तासापेक्षा जास्त बाहेर राहू नये. एरवी मर्यादा दोन तासांची. थंड वस्तू शेवटी घ्यायच्या, जाड पिशवीत बर्फाच्या पाकिटासोबत ठेवायच्या आणि थेट घरी यायचं, हा त्यावरचा उपाय. दीड तास डिकीत राहिलेलं पाकीट टाकणंच योग्य होतं. आपण असं धरू, की त्याने ते थेट आणलं.

रविवारी सकाळी ९ वाजता पाकीट उघडलं. तीन दिवस म्हणजे बुधवारी सकाळी ९. पण पाकिटावर कुणी काही लिहिलं नाही. चौघांच्या पाळ्या वेगळ्या, त्यामुळे कुणी कधी उघडलं ते कुणालाच ठाऊक नाही. प्रत्येक जण पाकीट बाहेर काढतो, दहा-पंधरा मिनिटं ओट्यावर ठेवतो, हाताने दोन काप घेतो आणि तोंड दुमडून परत ठेवतो.

सोमवारी त्यातल्या एकाची दुसरी पाळी होती. त्याने दुपारी दीड वाजता सलामी सँडविच डब्यात भरलं. डबा बॅगेत, बॅग लॉकरमध्ये. जेवणाची सुट्टी रात्री आठला. साडेसहा तास, पस्तीस-छत्तीस अंशांत. इथे वेगळाच जंतू पुढे येतो, स्टॅफिलोकोकस. तो आपल्या हाताच्या त्वचेवर आणि नाकात असतो. त्याला मीठ चालतं, त्यामुळे हॅमसारखे खारट पदार्थ त्याच्या आवडीचे. फ्रिजमध्ये तो विष बनवत नाही, पण उबेत काही तासांत बनवतो, आणि ते विष नंतर उकळून, परतूनही नष्ट होत नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत जोरदार उलट्या सुरू होतात. "रात्री पाळीवर अचानक उलट्या" या तक्रारीमागे अनेकदा असा डबा असतो. म्हणजे तीन दिवसांचा नियम फ्रिजमधल्या वेळेचा आहे, बाहेरचा हिशेब तासांचा असतो. पाळीच्या डब्यात सलामी न्यायची असेल तर कंपनीच्या फ्रिजची सोय हवी. नाहीतर त्या दिवशी पोळी-भाजी बरी.

गुरुवारी देखभालीसाठी सकाळी १० ते दुपारी ४ वीज बंद. दार न उघडता बंद ठेवलं तर फ्रिज साधारण चार तास थंड राहतो. इथे सहा तास झाले, आणि मधे पाण्यासाठी दार उघडलं गेलंच. बुधवारी संपवायचं पाकीट अजून आत आहेच. शुक्रवारी रात्री एक जण घरी येतो, काप उचलतो, तार येते. तो धुतो, तेलात परततो, अंड्याबरोबर खातो.

तो आजारी पडेलच असं नाही. जोरात परतल्याने लिस्टेरिया मरेल. पण सहा तासांच्या उबेत स्टॅफिलोकोकसने विष बनवलं असेल तर ते तसंच पोटात जाईल. म्हणूनच "परतलं की सगळं मरतं" हे अर्धंच खरं आहे.

हेच पाकीट नीट कसं वापरता आलं असतं? रविवारी उघडताच स्वच्छ, कोरड्या चिमट्याने काप वेगळे करायचे. तीन दिवसांत लागतील तेवढे झाकणाच्या कोरड्या डब्यात, खालच्या थंड ट्रेमध्ये. डब्यावर चिकटपट्टी लावून लिहायचं: "उघडलं रविवार सकाळ, संपवा बुधवार सकाळ". उरलेले काप त्याच दिवशी छोट्या पिशव्यांत घालून फ्रीझरमध्ये. फ्रीझरमध्ये घड्याळ थांबतं, मागे जात नाही. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गोठवलं तर वितळल्यावर उरलेलाच वेळ मिळतो. महिना-दोन महिन्यांत ते वापरावं, नंतर चव जाते. वितळवायचं ते फ्रिजच्या खालच्या भागात, ओट्यावर नाही. आणि पाकीट आधीच गोठवलेलं विकत घेतलं असेल तर लागतील तेवढीच सॉसेज काढा, बाकीची वितळू देऊ नका. पाकिटात सगळी सॉसेज एकाच गोळ्यासारखी चिकटलेली आणि बर्फाचे मोठे खडे असतील, तर ती आधी एकदा वितळून पुन्हा गोठलेली असू शकतात. असं पाकीट घेऊ नका.

त्रास झाला तर

नुसत्या उलट्या-जुलाब असतील तर ओआरएस घोट-घोट घ्या. बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरं वाटतं. पाणीही पोटात राहत नसेल, लघवी कमी झाली असेल, शौचात रक्त असेल किंवा ताप चढत असेल तर डॉक्टरांकडे जा. ताप, तीव्र डोकेदुखी, मान ताठ होणं, बडबडणं किंवा गुंगी असेल तर थेट रुग्णालय.

गरोदर स्त्रीला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल आणि गेल्या महिना-दोन महिन्यांत हॅम, सलामी, कोल्ड कट्स खाल्ले असतील, तर हे डॉक्टरांना आपणहून सांगा. आपल्याकडे हा आजार चटकन डोक्यात येत नाही, आणि निदानासाठी रक्ताचं कल्चर करावं लागतं. घरात उरलेली सेफिक्झिमची गोळी तर अजिबात घेऊ नका. त्या जातीची औषधं लिस्टेरियावर चालत नाहीत, आणि कल्चरआधी घेतली तर निदान अवघड होऊ शकतं.

गरोदरपणात हे पदार्थ खायचेच असतील तर झाकण ठेवून, आतपर्यंत वाफाळेपर्यंत गरम करा आणि लगेच खा. थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ७४ अंश. पिझ्झा, सँडविचवर वरून थंड घातलेले काप टाळा.

कंपन्यांकडून आणि दुकानदारांकडून अपेक्षा

सगळा भार गिऱ्हाइकावर टाकणं मला पटत नाही. "उघडल्यावर इतक्या दिवसांत संपवा" ही ओळ पाकिटाच्या मागे बारीक इंग्रजीत कशाला? ती समोर, ठळक, मराठी आणि हिंदीत छापावी, आणि शेजारी उघडल्याची तारीख लिहायला रिकामी चौकट द्यावी. दोन-तीन माणसांच्या घराला अर्ध्या किलोचं पाकीट तीन दिवसांत संपत नाही, म्हणून शंभर-दीडशे ग्रॅमची पाकिटं सगळीकडे मिळायला हवीत. दुकानाच्या फ्रिजवर तापमान दाखवणारा आकडा गिऱ्हाइकाला दिसेल असा हवा. तो दिसत नसेल तर विचारा. चार जणांनी विचारलं की दुकानदार लावतो.

तोपर्यंत स्वयंपाकघरात एक पेन आणि चिकटपट्टी फ्रिजच्या वर ठेवा. पाकीट ज्याने उघडलं, त्याने तारीख लिहायची. तारीख नसलेला डबा सापडला आणि घरात कुणालाच आठवत नसेल, तर वास घेत बसू नका. तो टाकण्याचा डबा आहे.